आधी ताटली की आधी गोळी?

पुण्यातल्या एका पशुवैद्याच्या टेबलावर एकाच आठवड्यात दोन रिपोर्ट येतात, अशी कल्पना करू. पहिला सात वर्षांच्या यॉर्कशायर टेरियर कुत्रीचा, दुसरा पाच वर्षांच्या जर्मन शेफर्ड कुत्र्याचा. दोघांनाही दीड-दोन महिन्यांपासून पातळ शी होते आहे आणि दोघांचंही वजन घटतं आहे. रक्तातलं अल्ब्युमिन दोघांचंही डेसिलिटरला १.६ ग्रॅम आहे, जे निरोगी कुत्र्यात साधारण अडीचच्या वर असतं. कोबालामिन, म्हणजे आपलं बी-१२, दोघांचंही लिटरला १५० नॅनोग्रॅमच्या खाली आहे, जिथे अडीचशेच्या वर असायला हवं. आकडे इतके सारखे, की नाव झाकलं तर कोणता रिपोर्ट कोणाचा हे सांगता येणार नाही.

तरीही यातली एक नुसतं जेवण बदलून बरी होणार आहे आणि दुसऱ्याला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध लागणार आहे. हे दोघे कुठल्या एका घरचे नव्हेत. दवाखान्यांत वारंवार दिसणारी ही दोन नमुना चित्रं आहेत, आणि त्यांच्यातला फरक कसा ओळखायचा हाच या लेखाचा विषय आहे.

तीन आठवड्यांहून जास्त काळ चाललेले किंवा पुन्हा पुन्हा उलटणारे जुलाब, उलट्या, वजनातली घट आणि त्यामागे जंत, जंतुसंसर्ग, गाठ किंवा दुसऱ्या अवयवाचा आजार सापडत नाही, अशा अवस्थेला पशुवैद्यकात आतड्याचा जुनाट विकार म्हणतात. त्याचे पोटप्रकार रोगाच्या रंगरूपावरून ठरत नाहीत, उपचाराला मिळणाऱ्या प्रतिसादावरून ठरतात. आहार बदलून जो बरा होतो तो आहाराला दाद देणारा. आहाराने न हटता स्टिरॉइडसारख्या औषधाने हटतो तो त्या औषधाला दाद देणारा. कशालाच न जुमानणारे काही दुर्दैवी कुत्रेही असतात. सगळे मिळून पाहिलं तर निम्म्याहून अधिक कुत्रे पहिल्या गटात मोडतात, आणि ही गोष्ट मालकांना बहुधा कोणी सांगितलेली नसते.

ही विभागणी ऐकून अनेकांना वाटतं, आतड्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की उत्तर मिळेल. मिळत नाही. दोन्ही गटांतल्या कुत्र्यांच्या आतड्याच्या अस्तरात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची तशीच गर्दी दिसू शकते. बायोप्सीचा मोठा उपयोग आतड्याचा कर्करोग, विशेषतः लिम्फोमा, पकडण्यासाठी आणि लसीकावाहिन्या फुगल्या आहेत का हे पाहण्यासाठी आहे. हा कुत्रा आहाराने बरा होईल की औषधाने, हे ती सांगू शकत नाही.

मग अल्ब्युमिन आणि बी-१२ काय सांगतात? हे प्रथिन यकृत तयार करतं आणि रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या आत धरून ठेवण्याचं काम मुख्यतः तेच करतं. आतड्याचं अस्तर सुजलं, किंवा आतड्यातल्या लसीकावाहिन्या तुंबलेल्या गटारासारख्या फुगून फुटल्या, की रक्तातली प्रथिनं आतड्यात गळू लागतात. यकृत नवं अल्ब्युमिन तयार करत राहतं, पण गळती उत्पादनापेक्षा जास्त झाली की आकडा खाली येतो. दोनच्या खाली गेला की पोटात पाणी साचण्याची आणि पायांवर सूज येण्याची भीती सुरू होते. त्याहून धोकादायक बाब वरून दिसत नाही: रक्त गोठण्यावर ताबा ठेवणारी प्रथिनंही याच वाटेने जातात, आणि असा कुत्रा फुप्फुसात गुठळी अडकून अचानक दगावू शकतो.

बी-१२ ची वाट वेगळी आहे. अन्नातलं हे जीवनसत्त्व एका वाहक प्रथिनाचा हात धरून आतड्यातून पुढे सरकतं. कुत्र्यात हे प्रथिन मुख्यतः स्वादुपिंड तयार करतं. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्याला उतरवून घेणारे खास ग्राहक असतात. तो भाग आजारी असला, किंवा आतड्यातल्या जिवाणूंनी ते आधीच फस्त केलं, तर रक्तातला साठा आटत जातो. म्हणून बी-१२ कमी आढळलं की स्वादुपिंडाची तपासणीही करावी लागते, कारण पाचकरस कमी पडणाऱ्या कुत्र्यातही हेच चित्र दिसतं आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: माणसांच्या प्रयोगशाळेत नमुना गेला तर रिपोर्टवर छापलेली सामान्य मर्यादा माणसाची असते. कुत्र्याचा आकडा कुत्र्याच्या मर्यादेशीच ताडून पाहायला हवा.

कारिन आलेनस्पाख आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा ७० कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना आधी आहार बदलून दिला आणि न जुमानणाऱ्यांना मग औषध दिलं. अल्ब्युमिन दोनच्या खाली आणि बी-१२ दोनशेच्या खाली असलेल्या कुत्र्यांत उपचार फसण्याची आणि शेवटी दयामरण द्यावं लागण्याची शक्यता जास्त निघाली. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण त्याचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. आकडे खालावले म्हणजे लगेच स्टिरॉइड, असा तो वाचला जातो. प्रत्यक्षात हे आकडे धोका किती आहे ते सांगतात, रोग कोणत्या गटातला आहे ते सांगत नाहीत. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: या कुत्र्याकडे आहाराची वाट पाहण्याइतका वेळ आहे का?

त्या प्रश्नाआधी मात्र काही गोष्टी नक्की करायच्या असतात, आणि आपल्याकडे तिथेच घाई होते. अल्ब्युमिन आतड्यातूनच जातंय ना? लघवीतलं प्रथिन तपासून मूत्रपिंड आणि पित्ताम्लांची चाचणी करून यकृत वगळावं लागतं. सोबतचे आकडेही बोलतात. आतड्यातून गळती असेल तर बहुधा अल्ब्युमिनबरोबर ग्लोब्युलिनही उतरतं आणि कोलेस्टेरॉल कमी असतं. मूत्रपिंडातून जात असेल तर कोलेस्टेरॉल वाढलेलं सापडतं. अल्ब्युमिन कमी पण ग्लोब्युलिन भरपूर वाढलेलं दिसलं, तर महाराष्ट्रातल्या पशुवैद्याच्या मनात आधी गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप यायला हवा. तरुण कुत्र्यात अंकुशकृमी रक्त आणि प्रथिनं दोन्ही शोषतात, म्हणून शी तपासून शिवाय फेनबेंडाझोलचा तीन ते पाच दिवसांचा कोर्स देण्याची पद्धत आहे. आणि अॅडिसन हा अधिवृक्क ग्रंथीचा आजार हुबेहूब आतड्याच्या विकाराचं सोंग घेऊ शकतो. कॉर्टिसॉलची एक साधी चाचणी त्याचा संशय दूर करते. ती स्टिरॉइड सुरू करण्याआधीच करायची, कारण प्रेडनिसोलोन दिल्यावर त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

आता दोघांकडे वळू. पशुवैद्य दोघांचं गुणांकन करतात. कुत्र्यांच्या आतड्याच्या विकारासाठी नऊ बाबींची एक मोजपट्टी आहे: हालचाल, भूक, उलटी, शीचा घट्टपणा, शीची संख्या, वजनातली घट, अल्ब्युमिन, पोटातलं पाणी किंवा सूज, आणि खाज. प्रत्येक बाबीला शून्य ते तीन गुण. टेरियर कुत्री जरा मंद आहे, पण ताटली चाटून पुसून खाते. आठवड्यातून एखादी उलटी, पातळ शी दिवसातून दोन-तीनदा, वजन ३.४ वरून ३.१ किलो. बेरीज आठ, म्हणजे मध्यम. शेफर्डचं वजन ३१ वरून २४ किलोवर आलंय, तो जेवणाकडे पाठ फिरवतो, पाण्यासारखे जुलाब दिवसातून चार-पाचदा होतात आणि पोटात पाणी आहे. बेरीज सोळा. बारा आणि वर म्हणजे अतिगंभीर. प्रयोगशाळेला जो फरक दिसला नाही, तो इथे स्पष्ट दिसतो.

टेरियरची सोनोग्राफी केल्यावर आतड्याच्या अस्तरात उभ्या चकाकत्या रेषा दिसल्या. लसीकावाहिन्या फुगल्याची ही खूण असते आणि यॉर्कशायर टेरियरमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. चरबी आतड्यातून लसीकेच्या वाटेनेच शोषली जाते, म्हणून अन्नातली चरबी जितकी जास्त तितका त्या वाहिन्यांवर ताण जास्त आणि गळती जास्त. २०१४ मध्ये जपानमधून आलेल्या एका अभ्यासात असा विकार असलेल्या, पण स्टिरॉइडला दाद न दिलेल्या किंवा औषध कमी करताना पुन्हा घसरलेल्या २४ कुत्र्यांना अत्यंत कमी चरबीचा आहार दिला गेला. त्यातले १९ सुधारले. औषधाला न जुमानणारे म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला होता, त्यांना खरं तर चुकीचं ताट मिळत होतं.

म्हणून टेरियरला आधी आहार. १००० कॅलरीत २० ग्रॅमपेक्षा कमी चरबी, हे लक्ष्य. तयार खाद्य मिळालं तर उत्तम, नाही तर घरी कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीचं उकडलेलं मांस एक भाग आणि उकडलेला बटाटा दोन भाग, तेल-तूप शून्य. हा घरगुती आहार काही आठवड्यांपुरता चालतो. पुढे चालू ठेवायचा तर त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची भर पशुवैद्याकडून मोजून घ्यावी लागते, नाही तर एक आजार हटवताना दुसरा ओढवतो. सोनोग्राफीत अशा रेषा नसत्या आणि अन्नातल्या प्रथिनावर संशय असता, तर हायड्रोलाइज्ड आहार निवडला असता. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारयंत्रणेला ते ओळखता येत नाहीत. दोन्ही आहारांचा हेतू वेगळा आहे, आणि हायड्रोलाइज्ड म्हणजे आपोआप कमी चरबीचा असं नाही, हे पाकिटावर वाचूनच घ्यावं.

त्याच दिवशी बी-१२ ही सुरू. एवढ्या लहान कुत्रीला रोज २५० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते, वीस किलोवरच्या कुत्र्याला १००० लागतात. दर आठवड्याला इंजेक्शन, असं सहा आठवडे, ही जुनी पद्धतही तितकीच चालते. इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रयोग सर्वांत जास्त इथेच फसतात. बी-१२ ची कमतरता स्वतःच भूक मारते, अशक्तपणा आणते आणि आतड्याच्या पेशी नव्याने तयार होण्यात अडथळा आणते. ती भरून काढली नाही, तर योग्य आहार दिला तरी कुत्रा सुधारत नाही आणि दोष आहाराच्या माथी जातो. मग स्टिरॉइड सुरू होतं, तेही अर्धवट लागू पडतं आणि कुत्र्यावर कशालाच न जुमानणारा असा शिक्का बसतो. बी-१२ आहाराआधी की औषधाआधी, हा वाद घालण्याची गरज नाही. ते पहिल्याच दिवशी दोघांनाही द्यायचं.

आहाराचा प्रयोग घरात दुसऱ्याच कारणाने मोडतो. पशुवैद्यांनी यादी विचारली, तेव्हा टेरियरच्या मालकिणीने फक्त तिच्या ताटलीतलं सांगितलं. संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं, सायीचं दूध आणि आजींच्या हातचा तुपाचा पोळीचा तुकडा तिने मोजलाच नव्हता.

"आजी, तो तुकडा तुम्ही प्रेमाने देता," पशुवैद्य म्हणाले. "पण सध्या तो तिच्या पोटात जाऊन तिच्या रक्तातलं प्रथिन बाहेर काढतोय. दोन आठवडे तिला फक्त हे जेवण. मग तुम्हीच मला सांगा कशी आहे ते."

दोन आठवडे, कारण पोटाच्या लक्षणांवर आहाराचा परिणाम तेवढ्यात कळतो. त्वचेच्या अॅलर्जीसाठी आठ आठवडे थांबावं लागतं, इथे नाही. टेरियरची शी दहाव्या दिवशी बांधली गेली. चौदाव्या दिवशी वजन ३.२ किलो होतं आणि उलटी थांबली होती. अल्ब्युमिन मात्र १.७ वरच रेंगाळलं होतं. घाबरलेल्या घरच्यांना वाटलं, औषध हवंच. पण लक्षणं आधी सुधारतात आणि अल्ब्युमिन मागून येतं, कारण गळती थांबल्यावर यकृताला तूट भरून काढायला वेळ लागतो. चार आठवड्यांनी ते २.१ झालं, आठ आठवड्यांनी २.६. स्टिरॉइडची एक गोळीही लागली नाही. अर्थात चौदाव्या दिवशी लक्षणंही जागची हलली नसती, किंवा अल्ब्युमिन आणखी घसरलं असतं, तर वाट पाहण्याला अर्थ उरला नसता.

शेफर्डला हा अवधी देता येत नव्हता. पोटात पाणी आणि भूक मेलेली अशा अवस्थेत दोन आठवडे नुसत्या आहारावर काढणं म्हणजे गुठळीचा आणि उपासमारीचा धोका पत्करणं. त्याच्यासाठी आहार आणि औषध एकाच दिवशी सुरू करायचं ठरलं, पण त्याआधी एंडोस्कोपीने बायोप्सी घेतली गेली. यामागे कारण आहे. लिम्फोमाच्या गाठीवरही स्टिरॉइडचा परिणाम होतो. कुत्रा काही आठवडे बरा वाटतो आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात रोग ओळखणं अवघड होऊन बसतं. पोट उघडून आतड्याचे पूर्ण जाडीचे तुकडे घेणं मात्र टाळलं गेलं, कारण इतक्या कमी अल्ब्युमिनवर टाके भरून येतील याची खात्री नसते. एंडोस्कोपीची सोय सगळीकडे नाही. नसेल तिथे निदान छातीपोटाची सोनोग्राफी आणि वाढलेल्या लसीकाग्रंथींमधून सुईने घेतलेला नमुना तरी आधी हवा.

बायोप्सीत कर्करोग नव्हता. त्याला हायड्रोलाइज्ड आहार, बी-१२, गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल आणि किलोला रोज सुमारे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं. मोठ्या कुत्र्याला स्टिरॉइडचा त्रास वजनाच्या मानाने जास्त होतो, म्हणून मात्रा जास्त चढवली नाही. तीन आठवड्यांत तो पूर्ण ताटली खाऊ लागला, पोटातलं पाणी ओसरलं, अल्ब्युमिन २.२ वर आलं.

पण बरा झाला कशाने? आहार आणि गोळी एकाच दिवशी सुरू झाल्यावर हा प्रश्न उरतोच. तो सोडवायचा मार्ग सोपा आहे, फक्त संयम लागतो. आहारात तसूभरही बदल न करता गोळी दर दोन-तीन आठवड्यांनी पाव हिश्शाने कमी करायची आणि प्रत्येक कपातीआधी वजन आणि अल्ब्युमिन पाहायचं. असे काही कुत्रे निघतात जे गोळी पूर्ण बंद झाल्यावरही ठणठणीत राहतात. त्यांच्या बाबतीत काम आहारच करत होता, औषधाने फक्त कठीण काळ निभावून नेला. शेफर्डचं अल्ब्युमिन २.७ पर्यंत चढलं होतं, पण मात्रा निम्म्यावर येताच ते २.० वर उतरलं. गोळी वाढवली, पुन्हा वर आलं. ताटली तीच, फक्त गोळी बदलली आणि आकडा तिच्यामागे हलला. आता त्याला औषधाला दाद देणारा म्हणता येतं. अशा कुत्र्याला दीर्घकाळ स्टिरॉइडवर ठेवायचं नसेल, तर सायक्लोस्पोरिन किंवा क्लोराम्ब्युसिल यांचा विचार होतो.

ही कपात करताना एक भूल पडते. स्टिरॉइड भूक वाढवतं, म्हणून कुत्रा अधाशासारखं खातो आणि घरच्यांना हायसं वाटतं. पण तेच औषध स्नायू झिजवतं आणि पोट सुटतं. वजनकाट्यावरचा आकडा वाढला तरी कमरेचं आणि डोक्यावरचं मांस उतरत असेल, तर ती सुधारणा नव्हे. हाताने चाचपून पाहायला मालक शिकू शकतात, आणि शिकायला हवं.

मेट्रोनिडॅझोलबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे जुलाब म्हटलं की ती गोळी जवळजवळ ठरलेली असते. चार दिवस शी बांधली जाते, थांबवली की पुन्हा पातळ, मग पुन्हा गोळी. ती आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचीही मोठी हानी करते आणि हा बिघाड औषध थांबल्यावर आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. प्रतिजैविकाला दाद देणारा गट पूर्वी मोठा मानला जाई. आता तज्ज्ञ आहार आजमावल्याशिवाय त्या वाटेला जात नाहीत, आणि ते बरोबर आहे.

आहाराने सुधारलेल्या कुत्र्यांपैकी बरेचसे काही महिन्यांनी जुन्या खाण्यावर परतल्यावरही पुन्हा आजारी पडत नाहीत, हे २००७ च्या त्याच अभ्यासात दिसलं. पण ती सवलत अल्ब्युमिन गळणाऱ्या, लसीकावाहिन्या फुगलेल्या कुत्र्याला लागू करू नये. टेरियरचा कमी चरबीचा आहार बहुधा जन्मभर चालेल.

तुमच्या कुत्र्याला तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पातळ शी होत असेल, तर अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, कोलेस्टेरॉल आणि बी-१२ यांची तपासणी करा. पशुवैद्याकडे जाताना दिवसभरात त्याच्या तोंडात जाणाऱ्या प्रत्येक घासाची यादी न्या, आजींनी दिलेल्या तुकड्यासकट. आणि कोणी पहिल्याच भेटीत स्टिरॉइड लिहून दिलं, तर एवढंच विचारा: डॉक्टर, दोन आठवडे नुसता आहार बदलून पाहण्याइतका वेळ त्याच्याकडे आहे का? असेल, तर तो वेळ त्याला द्या.